ग्रिनार्ड सुरू झाली, हे कशावरून ओळखायचं?

फिनाइलमॅग्नेशियम ब्रोमाइड हे ग्रिनार्ड, म्हणजे कार्बनला मॅग्नेशियम जोडलेलं संयुग, आणि त्याची कृती वहीत जेमतेम चार ओळींची असते. कोरड्या इथरमध्ये मॅग्नेशियम घ्यायचं, ब्रोमोबेंझीन थेंबथेंब सोडायचं, रिअॅक्शन सुरू झाली की वेग सांभाळायचा आणि मॅग्नेशियम संपत आलं की थांबायचं. मी ती पहिल्यांदा स्वतः लावली तेव्हा यातल्या दोनच गोष्टींनी माझा जवळजवळ सगळा वेळ घेतला. एक म्हणजे सगळं खरोखर कोरडं करणं, आणि दुसरी म्हणजे फ्लास्ककडे बघून ‘आता सुरू झाली’ असं खात्रीने म्हणता येणं. त्या दोन गोष्टींबद्दलच लिहिते आहे. पुढचं काम त्यामानाने सरळ आहे.

मला शेवटी ट्रायफिनाइलमिथेनॉल हवं होतं, म्हणजे तयार झालेलं ग्रिनार्ड बेंझोफेनोनवर सोडायचं होतं. माप लहान होतं. मॅग्नेशियमच्या टर्निंग्ज ०.६० ग्रॅम, म्हणजे साधारण २५ मिलिमोल. ब्रोमोबेंझीन २.४ मिली, म्हणजे २३ मिलिमोल. इथर एकूण २५ मिली, त्यातलं ५ मिली थेट मॅग्नेशियमवर आणि उरलेलं २० मिली ब्रोमोबेंझीनसोबत ड्रॉपिंग फनेलमध्ये.

पाण्याची भीती किती बाळगायची, हे सरांनी मला आधी आकडेमोड करून बघायला लावलं. पाण्याचा एक रेणू ग्रिनार्डचा एक रेणू खातो आणि त्याचं बेंझीन करून टाकतो. बाटली उघडी राहून इथरमध्ये वजनाने एक टक्का पाणी शिरलं असं धरू. इथर याहून थोडं जास्तच पाणी धरू शकतं, त्यामुळे हा आकडा अवास्तव नाही. २५ मिली इथरचं वजन साधारण १८ ग्रॅम. त्याचा एक टक्का ०.१८ ग्रॅम. म्हणजे १० मिलिमोल पाणी. माझ्या २३ मिलिमोलमधले १० असेच गेले असते. आणि हाही हिशेब रिअॅक्शन सुरू झाली तर. एवढं ओलं इथर असेल तर बहुतेक वेळा ती सुरूच होत नाही, कारण पृष्ठभागावर जे थोडंफार ग्रिनार्ड तयार होतं ते लगेच मरतं आणि धातूवर हायड्रॉक्साइडचा थर बसत जातो. इथर डोळ्यांना तर दोन्ही वेळी सारखंच दिसतं, स्वच्छ आणि बिनरंगी.

काचसामान वाळवण्याबद्दल सगळे सांगतात की रात्रभर १२० अंशांवर ओव्हनमध्ये ठेव. तसं मी ठेवलंही. दोन तोंडांचा १०० मिलीचा फ्लास्क, कंडेन्सर, ड्रॉपिंग फनेल, अॅडॅप्टर, स्टरिंग बार, दोन सिरिंजा आणि सुया. फनेलचा टेफ्लॉनचा कॉक, रबरी सेप्टम आणि प्लॅस्टिकच्या क्लिपा मात्र बाहेर, त्या डेसिकेटरमध्ये. कॉक काढून ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. टेफ्लॉन तापून फुगतं, तसाच बसलेला असेल तर काच तडकू शकते, आणि त्याच्या खोबणीतलं पाणी आत अडकून राहतं ते वेगळंच.

पण ओव्हनमधून बाहेर काढल्यानंतरची पाच मिनिटं जास्त महत्त्वाची आहेत. काच उघड्या हवेत थंड होऊ दिली की तिच्यावर हवेतली ओल पुन्हा बसते. दिसत नाही, पण असते. म्हणून सामान गरम असतानाच जाड हातमोजे घालून जोडायचं आणि नायट्रोजनच्या प्रवाहात थंड होऊ द्यायचं. मी फ्लास्क क्लॅम्पमध्ये लावला, कंडेन्सर वर बसवला, त्याच्या डोक्यावर नायट्रोजनची नळी आणि बाहेर जायला तेलाचा बबलर. दुसऱ्या तोंडावर ड्रॉपिंग फनेल. नायट्रोजन सिलिंडरमधून थेट न घेता रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या नळकांड्यातून आणला होता. बबलरमध्ये बुडबुडे नीट येत राहिले की आतला दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त आहे आणि वाट मोकळी आहे, या दोन्ही गोष्टी एकदम कळतात. ती वाट कधीही बंद करायची नाही. उकळणारं इथर बंद भांड्यात म्हणजे स्फोटच.

जॉइंटवर थोडा वेळ हेअर ड्रायर फिरवला. काही लॅबमध्ये बर्नरची ज्योत फिरवून काच वाळवतात आणि ती पद्धत चांगली चालते, पण त्या खोलीत इथर आणण्याच्या आधीच. इथरची वाफ हवेपेक्षा अडीच पट जड असते. ती वर उडून न जाता टेबलावरून पसरत लांबच्या ज्योतीपर्यंत किंवा तापलेल्या हॉट प्लेटपर्यंत पोचते. पेटायला ठिणगीच लागते असंही नाही, दोनशे अंशांच्या आतला तापलेला पृष्ठभागही पुरतो. म्हणून माझ्याकडे फक्त कोमट पाण्याचं भांडं होतं. बर्फाचं भांडं त्याच्या शेजारीच तयार.

कंडेन्सरबद्दल एक बारीक गोष्ट मला लॅबमधल्या ताईने दाखवली. हवा दमट असेल तर थंड पाण्याच्या कंडेन्सरवर बाहेरून दव जमतं. ते थेंब काचेवरून ओघळत खाली येतात आणि बरोबर कंडेन्सर आणि फ्लास्कच्या जॉइंटवर साचतात. जॉइंट कितीही नीट बसवला असला तरी त्याच्याभोवती पाण्याचं कडं असणं बरं नव्हे. तिने टिश्यू पेपरची घडी करून कंडेन्सरच्या खालच्या टोकाला पट्ट्यासारखी गुंडाळली. अर्ध्या तासात ती घडी चिंब झाली होती.

आता इथर. सगळ्यात आधी पेरॉक्साइड. जुन्या, उघडलेल्या इथरमध्ये पेरॉक्साइड साठतात आणि इथर उडून गेलं की तळाशी गोळा होऊन स्फोट करू शकतात. थोडं इथर आम्लयुक्त पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणाबरोबर हलवलं, पिवळं पडलं नाही. पिवळं पडलं असतं तर फेरस सल्फेटच्या द्रावणाने धुवून मगच पुढे गेले असते. मग ते निर्जल कॅल्शियम क्लोराइडवर एक रात्र ठेवलं. कॅल्शियम क्लोराइड पाणी तर ओढतंच, पण इथेनॉलही पकडतं. काही इथरमध्ये टिकवण्यासाठी इथेनॉल घातलेलं असतं, आणि ग्रिनार्डच्या दृष्टीने इथेनॉल आणि पाणी यांच्यात काही फरक नाही. म्हणून बाटलीवर काय घातलंय ते वाचायचं.

गाळल्यानंतर सोडियमची तार. दाबयंत्रातून निघालेली तार सरळ इथरच्या बाटलीत पडते आणि तिच्यावरून बारीक बुडबुडे सुटायला लागतात. तो हायड्रोजन असतो, म्हणून बुचाऐवजी कॅल्शियम क्लोराइड भरलेली गार्ड ट्यूब लावली. बुडबुडे थांबेपर्यंत ठेवलं. शेवटचा टप्पा सरांच्या देखरेखीखाली: हेच इथर सोडियम आणि चिमूटभर बेंझोफेनोनसोबत नायट्रोजनखाली उकळत ठेवणं. सोडियम बेंझोफेनोनला एक इलेक्ट्रॉन देतं आणि गडद निळा किटिल तयार होतो. पाणी किंवा ऑक्सिजन थोडासाही शिल्लक असला तर निळा टिकत नाही. इथरमध्ये हा रंग यायला बराच वेळ लागतो. आधी काहीच नाही, मग सोडियमच्या तुकड्याभोवती निळसर धागे आणि हलवलं की नाहीसे, मग हळूहळू सगळंच शाईसारखं निळं. तेव्हा ऊर्ध्वपातन सुरू केलं. भांडं कधीही कोरडं पडू द्यायचं नाही, तळाशी बरंचसं द्रव राखूनच थांबायचं.

सोडियमची ही पद्धत आता बऱ्याच लॅब टाळतात, आणि ते योग्यच आहे. जळणारं द्रव, जिवंत सोडियम आणि वरून पाण्याचा कंडेन्सर हे एकाच ठिकाणी असणं धोक्याचं आहे. ३ अँगस्ट्रॉमच्या मॉलिक्युलर सीव्ह सुमारे ३०० अंशांवर व्हॅक्यूममध्ये तापवून घेतल्या आणि इथर त्यांच्यावर एक-दोन दिवस ठेवलं तरी ग्रिनार्डपुरतं कोरडं इथर मिळतं. फक्त तिथे निळ्यासारखी डोळ्यांना दिसणारी खूण नसते.

पण त्या निळ्या रंगावरही एका मर्यादेपलीकडे विसंबता येत नाही. तो उकळत्या भांड्यातल्या इथरबद्दल सांगतो, तुमच्या सिरिंजमधल्या इथरबद्दल नाही. हे मला सुईवर दिसलं. इथर सिरिंजमध्ये ओढून घेताना सुईच्या टोकाला थेंब लोंबत राहिला. तो उडून जाताना धातू इतका गार झाला की सुईवर पाहता पाहता पांढुरकं दव जमलं. इथर उडताना जिथून उडतं तिथली जागा गार करतं आणि हवेतलं पाणी तिथेच येऊन बसतं. उघड्या फनेलमधून इथर ओतलं तर फनेलच्या आतल्या बाजूला हेच होतं आणि ते पाणी पुढच्या ओतण्याबरोबर आत जातं. एवढी मेहनत करून वाळवलेलं इथर शेवटच्या अर्ध्या मिनिटात ओलं होऊ शकतं. मी सुई कोरड्या टिश्यूने पुसली, सिरिंज आधी दोनदा नायट्रोजनने भरून रिकामी केली आणि सगळी ने-आण सेप्टममधूनच ठेवली.

मॅग्नेशियमच्या टर्निंग्ज बाटलीतून निघाल्या तेव्हा मळकट राखाडी होत्या. ऑक्साइडचा थर. तो तसाच राहिला तर धातू आणि ब्रोमोबेंझीन यांची गाठच पडत नाही. मी त्या ओव्हनमधून काढलेल्या कोरड्या खलात घेऊन थोड्या रगडल्या. पूड करायची नाही, कडा मोडून आतला चकचकीत धातू उघडा पडला की पुरे. मग फ्लास्कमध्ये टाकून इथर घालण्याआधी नायट्रोजनखाली स्टरिंग बारने तशाच कोरड्या फिरत ठेवल्या. एकमेकींवर घासून काचेला काळसर भुकटी लागली. ती दिसली की नवा पृष्ठभाग उघडा होतो आहे. काचेच्या कांडीने फ्लास्कच्या तळाशी टर्निंग्ज ठेचण्याची एक पद्धत सांगतात, पण मला ती पटत नाही. त्या नादात फ्लास्कचा तळ फुटल्याची उदाहरणं आहेत, आणि आत इथर असतं.

मग ५ मिली इथर, आयोडीनचा एक छोटा स्फटिक, आणि फनेलमधून सुमारे २ मिली द्रावण. एकूण ब्रोमोबेंझीनचा हा दहावा हिस्साही नाही. स्टरर बंद केला. हे थोडं उलटं वाटतं, पण सुरुवातीला मॅग्नेशियमच्या एखाद्या तुकड्याभोवती ब्रोमोबेंझीन दाट राहिलेलं हवं असतं, ढवळून सगळीकडे पसरलेलं नको.

यानंतर वाट बघायची. आणि इथेच फसायला होतं.

पहिली फसवी खूण आयोडीनची. इथरमध्ये आयोडीन तपकिरी दिसतं. काही मिनिटांत तो रंग फिका होत गेला आणि द्रावण बिनरंगी झालं. माझा हात फनेलच्या कॉककडे गेलाच होता, तेवढ्यात ताई म्हणाली, “थांब गं. आयोडीन मॅग्नेशियमला लागलं, एवढंच झालंय.” तिचं म्हणणं बरोबर होतं. मॅग्नेशियम आयोडाइड तयार झालं, पृष्ठभाग थोडा खरवडला गेला, हे चांगलंच. पण ब्रोमोबेंझीनने अजून काही केलंय याचा तो पुरावा नाही. रंग जाणं ही सुरुवातीआधीची पायरी असते. कधी तिच्यामागोमाग लगेच सुरुवात होते, कधी बराच वेळ काहीच होत नाही.

दुसरी फसवी खूण बुडबुड्यांची. मी फ्लास्कखाली कोमट पाण्याचं भांडं आणलं, ४० अंशांच्या आसपास. लगेच बुडबुडे. पण इथर ३४.६ अंशांवरच उकळतं; नुसता तळहात फ्लास्कला लावून ठेवला तरी ते चुळबुळायला लागतं. म्हणून पाण्याचं भांडं काढून घेतलं आणि बघत राहिले. बुडबुडे विरत गेले आणि अर्ध्या मिनिटात सगळं शांत. म्हणजे सुरुवात नाही. ही कसोटी मला सगळ्यात जास्त भरवशाची वाटते: उष्णता काढून घ्या आणि बघा.

आयोडीनऐवजी डायब्रोमोइथेनचे दोन थेंब वापरले तर आणखी एक फसवणूक होते. तिथे मॅग्नेशियमवरून जोरात बुडबुडे येतात, पण तो डायब्रोमोइथेनपासून सुटलेला इथिलीन असतो. मॅग्नेशियम जागं झालं हे त्यावरून कळतं, ग्रिनार्ड झाली हे नाही. ते बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं आणि मग पुढचं बघायचं.

माझ्या फ्लास्कमध्ये दुसऱ्यांदा कोमट पाणी लावून काढल्यानंतर खरी सुरुवात झाली. ती एकाच तुकड्यापासून झाली. वाकडी मोडलेली एक टर्निंग होती, तिच्या मोडलेल्या कडेवर बारीक बुडबुड्यांची रांग आली आणि त्याच जागेवरून धुरकट गढूळपणा सुटायला लागला. साखर विरघळताना पाण्यात जशा लहरी दिसतात तशा, पण राखाडी. मिनिटाभरात शेजारच्या तुकड्यांनीही धरलं. स्वच्छ इथर गढूळ झालं, मग मळकट, मग हलकं तपकिरी. मॅग्नेशियमचे चकचकीत तुकडे काळे पडले आणि त्यांच्या कडा खाल्ल्यासारख्या दिसू लागल्या. फ्लास्कखाली काहीही नव्हतं, तरी उकळणं वाढत होतं. कंडेन्सरच्या आत इथरचं ओलं कडं हळूहळू वर चढलं आणि तिथून थेंब परत खाली पडायला लागले. फ्लास्कला हात लावला तर कोमट, आणि ही ऊब बाहेरची नव्हती.

या खुणा एकेकट्या घेऊ नयेत. गढूळपणा ओल्या इथरमध्येही येऊ शकतो, हायड्रॉक्साइडमुळे. पण तो पांढरट असतो आणि त्याच्याबरोबर ऊब वाढत जात नाही. धातूपासून निघणारा गढूळपणा, रंगाचा बदल आणि बाहेरून उष्णता नसताना टिकणारं उकळणं, या तिन्ही एकत्र दिसल्या तेव्हाच मी स्टरर चालू केला आणि फनेलचा कॉक उघडला.

एवढी कसोशी कशासाठी, ते शेजारच्या हूडमध्ये दिसलं. तिथे एका सहकाऱ्याची हीच रिअॅक्शन लावलेली होती आणि सुरू होत नव्हती. आयोडीनचा रंग गेला तेव्हा त्याला ती सुरू झाल्यासारखी वाटली होती आणि थेंब चालू राहिले होते. सर आले, त्यांनी फ्लास्क पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “आतापर्यंत किती घातलंस?” साधारण अर्धं. सरांनी कॉक बंद करायला लावला, कोमट पाणी दूर ठेवायला सांगितलं आणि बर्फाचं भांडं फ्लास्कखाली सरकवलं.

ग्रिनार्ड तयार होताना मोलमागे साधारण २०० ते ३०० किलोज्यूल उष्णता सुटते. आमच्या २३ मिलिमोलचा हिशेब केला तर ती पाच-सात किलोज्यूल होते, आणि तेवढ्यात फ्लास्कमधलं बहुतेक सगळं इथर उकळून जाऊ शकतं. ही उष्णता अर्ध्या-पाऊण तासात विभागून बाहेर पडली तर कंडेन्सर ती आरामात सांभाळतो. पण सगळं ब्रोमोबेंझीन आधीच आत जमलेलं असेल आणि मग रिअॅक्शन उशिरा सुरू झाली, तर तीच उष्णता मिनिटभरात सुटते आणि इथर कंडेन्सरच्या तोंडातून कारंज्यासारखं बाहेर येतं. सुरुवातीची वाट जितकी लांबते तितका धोका वाढत जातो, हे मनात ठसायला हवं. सुरू न झालेल्या फ्लास्कमध्ये आणखी ब्रोमाइड घालणं किंवा त्याला जोरात तापवणं, दोन्ही याच कारणासाठी वर्ज्य.

सरांनी त्यातून वाट काढली ती अशी. वरचं जवळजवळ सगळं द्रावण कोरड्या सिरिंजने काढून परत फनेलमध्ये टाकायला लावलं, मॅग्नेशियम जेमतेम भिजेल एवढंच खाली ठेवलं. मग ओव्हनमधल्या एका कोरड्या परीक्षानळीत ताज्या रगडलेल्या मॅग्नेशियमचे चार-पाच तुकडे, थोडं कोरडं इथर आणि ब्रोमोबेंझीनचे काही थेंब घेतले. नळी हातात धरून कोमट केली. एवढ्या लहान मापात सुरुवात पटकन होते, आणि नाही झाली तरी बिघडत काही नाही. ती गढूळ होऊन स्वतःहून उकळू लागल्यावर तिच्यातलं थोडं द्रावण मोठ्या फ्लास्कमध्ये सोडलं. तयार ग्रिनार्ड उरलीसुरली ओल खाऊन टाकतं आणि धातूचा पृष्ठभाग साफ करतं. काही मिनिटांत त्या फ्लास्कनेही धरलं. परीक्षानळीतही काही झालं नसतं, तर दोष मॅग्नेशियमचा नाही, इथरचा आहे हे कळलं असतं. मग फ्लास्कशी झगडण्यात अर्थ नव्हता.

माझ्याकडे फनेलमधलं द्रावण सेकंदाला एक थेंब या हिशेबाने पडू लागलं. पण थेंब मोजण्यापेक्षा मी कंडेन्सरमधल्या कड्याकडे बघत होते. ते कंडेन्सरच्या खालच्या तिसऱ्या भागात राहिलं पाहिजे. वर चढायला लागलं की थेंब कमी करायचे, खाली उतरलं की थोडे वाढवायचे. बर्फ फक्त हाताशी ठेवायचा. उगाच लावला तर रिअॅक्शन थंडावते, ब्रोमोबेंझीन साचतं आणि पुन्हा तोच धोका समोर उभा राहतो. सावकाश घालण्याचा दुसराही फायदा आहे. फ्लास्कमध्ये ब्रोमोबेंझीन साचून राहिलं तर दोन फिनाइल एकमेकांना जोडले जाऊन बायफिनाइल बनतं. ते थोडं तरी बनतंच, पण कमी ठेवता येतं. सगळं घालून झाल्यावर कोमट पाण्यावर वीस-पंचवीस मिनिटं उकळत ठेवलं. शेवटी गढूळ तपकिरी द्रावण आणि तळाशी मॅग्नेशियमचे थोडे काळे कण उरले. मॅग्नेशियम मुळातच किंचित जास्त घेतलेलं होतं, त्यामुळे कण उरणारच होते.

किती ग्रिनार्ड झालं हे रंगावरून सांगता येत नाही, म्हणून मोजलं. ०.१५६ ग्रॅम मेन्थॉल, म्हणजे १ मिलिमोल, कोरड्या इथरमध्ये घेतलं आणि त्यात फिनॅन्थ्रोलिनचा एक कण टाकला. ग्रिनार्डचे थेंब सोडत गेले की आधी मेन्थॉल ते खात राहतं. मेन्थॉल संपलं की जादा ग्रिनार्ड फिनॅन्थ्रोलिनबरोबर जांभळट रंग देतं आणि तो टिकतो. १.३५ मिलीला रंग टिकला. म्हणजे द्रावण ०.७४ मोलर, आणि २६ मिलीच्या आसपास आकारमान धरलं तर १९ मिलिमोलच्या थोडं वर. २३ मधून जे गेलं ते काही बायफिनाइलमध्ये, काही उरलेल्या ओलाव्यात. मोजणीत वापरलेलं वजा करून बेंझोफेनोन १७ मिलिमोल, म्हणजे ३.१ ग्रॅम घेतलं. न मोजता २० मिलिमोल घेतलं असतं तर शिल्लक बेंझोफेनोन मालातून वेगळं करत बसावं लागलं असतं.

बेंझोफेनोनचं इथरमधलं द्रावण सोडताना प्रत्येक थेंबाला लालसर रंग उमटून जात होता आणि शेवटी गुलाबीसर घट्ट लगदा झाला. तो बर्फ आणि विरळ आम्लात ओतला, इथरचा थर वेगळा केला, वाळवला, इथर उडवलं. बायफिनाइल पेट्रोलियम इथरमध्ये सहज विरघळतं, ट्रायफिनाइलमिथेनॉल फारसं नाही, त्यामुळे एका धुण्यात बरंचसं निघालं. पांढरे स्फटिक १६१ ते १६३ अंशांना वितळले.

हे सगळं ब्रोमोबेंझीन आणि इथरपुरतं खरं आहे. क्लोरोबेंझीन घेतलं तर इथरमध्ये ते जवळजवळ सुरूच होत नाही, तिथे टेट्राहायड्रोफ्युरान आणि जास्त तापमान लागतं. टेट्राहायड्रोफ्युरान ६६ अंशांवर उकळतं, म्हणून ‘स्वतःहून उकळायला लागलं’ ही खूण तिथे फार उशिरा दिसते. तिथे थर्मामीटर द्रावणात बुडवून ठेवायचा. पहिला हिस्सा घातल्यावर बाहेरचं तापमान स्थिर असताना आतलं चढायला लागलं, वर जाऊन परत उतरलं, आणि पुढच्या छोट्या हिश्श्याला तसंच पुन्हा घडलं, तरच पुढे जायचं. माप वाढवलं तर इथरमध्येही हेच करायचं, कारण मोठ्या फ्लास्कमध्ये एखाद्या कोपऱ्यातले बुडबुडे दिसतीलच असं नाही, आणि तिथे पहिला हिस्सा दहा टक्क्यांपेक्षाही कमी ठेवलेला बरा.